नवशिक्यांची ऑनलाइन गिटार बॅच 🎸

संगमनेर, राहुरी, श्रीगोंदा, कुठूनही बसा. सोमवार-गुरुवार, रात्री ८ ते ८.४५. फक्त आठ जण, महिन्याला १,२०० रुपये.

अकूस्टिक गिटार लागेल, जुनीही चालेल. पण घेताना बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते बघा. अडीच-तीन मिलिमीटरच्या वर असेल तर दाबताना बोटं सोलवटतात, सूरही चढा लागतो. दोष मात्र स्वतःलाच देत बसतो आपण. दुकानातच तारा खाली करून घ्या.

नेटवर आवाज जरा उशिरा पोहोचतो, त्यामुळे सगळ्यांनी एकदम वाजवलं की नुसता गोंधळ. म्हणून माझ्याबरोबर वाजवताना तुमचा माईक बंद. नंतर एकेकाचं ऐकतो.

पहिला तास मोफत: ट्यूनिंग आणि दोन बोटांची ई मायनर कॉर्ड. गिटार नसली तरी या. मेसेज करा, लिंक पाठवतो.