अर्ज एक, कळवायचं दोघांना

माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. आधीच्या नोकरीतला तिचा एक सीनियर, ज्याला ती दादा म्हणते, दुसऱ्या कंपनीत गेला होता. तिथे जागा निघाली तेव्हा त्याने हिचं नाव रेफरलमध्ये घातलं. इतकंच नाही, ज्या मॅनेजरच्या टीममध्ये जागा होती त्याच्याशी हिचं फोनवर बोलणंही करून दिलं. मॅनेजर म्हणाले, "अर्ज भरून टाका, मग पुढचं बघू." हिने त्याच रात्री अर्ज भरला. मग दहा दिवस कुणाचाच फोन नाही.

दहाव्या दिवशी उलगडा झाला. दादाच्या स्क्रीनवर 'उमेदवाराने अजून अर्ज केलेला नाही' असं दिसत होतं. हिला नोकरी बदलायची नसेल, उगाच मागे कशाला लागा, म्हणून तो गप्प होता. एचआरने मॅनेजरकडे पाठवलेल्या यादीत हिचं नाव नव्हतं, म्हणून मॅनेजर दुसऱ्या उमेदवारांकडे वळले होते. आणि भाचीच्या खात्यात मात्र 'अर्ज विचाराधीन' झळकत होतं. तिघांनाही दिसत होतं ते आपापल्या जागी खरंच होतं.

घोळ दोन ठिकाणी झाला होता. दादाने नाव घालताना हिचा जुना ईमेल दिला होता. रेफरलची लिंक त्या ईमेलवर येऊन पडली आणि हिने ती पाहिलीच नाही. कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन नव्या ईमेलने थेट अर्ज भरला. अर्जांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, ज्याला एचआरवाले एटीएस म्हणतात, उमेदवार ओळखतं ते बहुतेक वेळा ईमेलवरून. ईमेल दोन, म्हणजे त्याच्या लेखी माणसंही दोन. दुसरी गोची जॉब आयडीची. एकाच हुद्द्याच्या दोन जागा वेबसाइटवर होत्या आणि हिचा अर्ज गेला होता भलत्याच टीमच्या जागेवर. मॅनेजरना फक्त आपल्या जागेचे अर्ज दिसतात, तेही एचआरने चाळून पुढे पाठवलेले.

म्हणजे रेफरल झालं की तिघं तीन खिडक्यांतून एकच अर्ज बघत असतात. नाव सुचवणाऱ्याला ढोबळ टप्पा दिसतो: अर्ज आला, मुलाखत चालू, बंद. मॅनेजरना यादी दिसते. या दोन्ही गोष्टी जुळवून बघू शकेल असा माणूस एकच, तो म्हणजे उमेदवार. म्हणून कळवायचं कामही त्याचंच.

पहिला निरोप अर्ज भरला त्याच दिवशी जायला हवा, आणि तो दोघांना वेगवेगळा. दादाला व्हॉट्सअॅपवर दोन ओळी पुरतात: "दादा, अमुक जॉब आयडीवर आज अर्ज भरला. ईमेल हा वापरलाय. तुझ्याकडे रेफरलखाली दिसतोय का, तेवढं बघशील?" यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. पहिल्याच दिवशी विचारला असता, तर ईमेलचा घोळ तिथेच सापडला असता. मॅनेजरना मात्र मेल करावा. फोनवर कधी बोलणं झालं, कुणाच्या ओळखीने झालं, कोणत्या जॉब आयडीवर अर्ज केला, आणि सोबत रेझ्युमे. चार ओळींत संपवावा. मॅनेजर तो मेल जसाच्या तसा एचआरकडे पुढे पाठवू शकतात, आणि पुष्कळदा यादीत नाव वर येतं ते त्यामुळेच.

एकच मेल दोघांना पाठवून मोकळं व्हावं, असा मोह होतो. तो टाळलेला बरा. दादाशी आपण घरच्यासारखं बोलतो, मॅनेजरशी तसं बोलता येत नाही. शिवाय एकाच मेलमध्ये दोघं असले की उत्तर द्यायचं कुणी, हे दोघांनाही कळत नाही आणि कुणीच देत नाही.

यानंतर रोजची खबर द्यायची गरज नसते. काही घडलं की कळवायचं. मुलाखतीची तारीख ठरली की दादाला सांगावं. मॅनेजर स्वतःच मुलाखत घेणार असतील तर त्यांना वेगळं सांगायला नको. मुलाखत झाली की त्यांना आभाराचा छोटा मेल, आणि दादाला "झाली, बरी गेली, पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणालेत" एवढंच. काय काय विचारलं ते दादाला सांगत बसू नये. उद्या त्याच जागेसाठी तो आणखी कुणाचं नाव सुचवेल, आणि प्रश्न फुटल्याचं बालंट तुमच्यावर येईल.

एचआरने सांगितलेली तारीख उलटून गेली तर कामाचे दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. मग आधी एचआरला विचारावं. तिथूनही उत्तर नाही आलं तर मॅनेजरना एकदा मेल. "दादा, तू जरा विचार ना त्यांना" हा रस्ता सगळ्यात सोपा वाटतो, पण त्यात दादाची पंचाईत होते. त्याने शब्द टाकलाय तो तुमच्या कामाबद्दल. निकालासाठी तगादा लावायला लागला की त्याच्या शब्दाचं वजन घटतं. शिवाय तो त्याच टीममध्ये असेल, तर निवडीत त्याने लांब राहावं अशीच कंपनीची अपेक्षा असते.

खरी कसोटी दुसरीकडची ऑफर हातात आली की लागते. ती दादाला सांगितली आणि मॅनेजरना नाही, तर दुपारी कँटीनमध्ये दोघांची गाठ पडते आणि मॅनेजरना बातमी ऐकीव मिळते. त्यामुळे दोघांना एकाच दिवशी कळवावं. मॅनेजरना सांगायचं ते इतकंच की दुसरीकडून ऑफर आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, पण तुमच्याकडे यायची इच्छा कायम आहे. आकडा सांगू नये, पगाराची बोलणी एचआरशीच होतात. नोटीस पीरियड मात्र मॅनेजरना खरा सांगावा. आपल्याकडे नव्वद दिवसांची नोटीस सर्रास असते, आणि तेवढे दिवस टीम कशी चालवायची याचं गणित त्यांना मांडायचं असतं.

नकार आला किंवा आपणच नकार दिला, तर दादाला आपल्या तोंडून कळायला हवं. त्याच्या स्क्रीनवर फक्त 'बंद' असं दिसतं, कारण दिसत नाही. ऑफर आपण नाकारणार असू तर एचआरला कळवलं त्याच दिवशी त्याला फोन करावा, कारण उद्या मॅनेजरना तोंड द्यायचंय ते त्याला.

भाचीच्या बाबतीत पुढे मॅनेजरनी एचआरला सांगून अर्ज योग्य जागेवर वळवून घेतला. दोन फेऱ्या झाल्या, निवडही झाली. दादाचा रेफरल बोनस मात्र गेला. थेट आलेला अर्ज आधी नोंदवला गेला की त्याला मागाहून रेफरल जोडायचं नाही, असा त्या कंपनीचा नियम होता. बऱ्याच कंपन्यांत असतो. लिंक उघडून तिथूनच अर्ज भरला असता, किंवा निदान त्या रात्री दादाला दोन ओळी टाकल्या असत्या, तर पुढची रडकथा झालीच नसती.

रुजू झाल्यावर पहिल्या शनिवारी तिने दादाला मिसळ खायला नेलं. दुसरी प्लेट मागवताना तो म्हणाला, "बोनसचा हप्ता वसूल करतोय."