महाबळेश्वरची हवा गार कशाने?

एप्रिलच्या दुपारी पुण्याचा पारा 37-38 अंशांवर असतो. त्याच वेळी महाबळेश्वरला तो 30-31च्या आसपास रेंगाळत असतो. दोन्हीकडे आकाश निरभ्र, ऊनही तेच. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर, महाबळेश्वरची साधारण 1370 मीटर. म्हणजे जेमतेम आठशे मीटर वर चढलं की सात-आठ अंशांचा फरक पडतो. हा फरक इतका ओळखीचा आहे की मे महिन्याच्या सुट्टीचा बेत आखताना आपण त्याचं कारण विचारत नाही. कुणी विचारलंच, तर मिळणारी उत्तरं बहुतेक अर्धवट असतात.

उंचावर गेलं की आपण सूर्याच्या थोडे जवळ जातो हे खरं, पण सूर्य 15 कोटी किलोमीटर दूर आहे. त्यात एखाद्या किलोमीटरने काहीच होत नाही. दुसरं उत्तर असं, की सूर्यकिरण हवेला फारसे तापवत नाहीत, ते जमिनीला तापवतात आणि जमीन हवेला, म्हणून जमिनीजवळची हवा गरम आणि वरची गार. यात तथ्य आहे, पण त्याने कोडं सुटत नाही. महाबळेश्वरलाही जमीन आहेच, ती तापतेही. शिवाय पुण्याच्या जमिनीवर तापलेली हवा हलकी होऊन वरच जाते. मग ती आपली उष्णता सोबत का नेत नाही?

याचं उत्तर पसरणी घाटात हाती लागतं. वाईहून पाचगणीकडे गाडी चढू लागते, तशी मागच्या सीटवरची वेफर्सची पाकिटं हळूहळू फुगतात. पाकिटात कुणी हवा भरलेली नसते. बाहेरच्या हवेचा दाब कमी होत असतो. आपल्यावर जो दाब असतो तो आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेच्या वजनाचा. जितकं वर जावं तितकी डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाबही कमी. महाबळेश्वरला तो समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी कमी भरतो. दाब उतरला की आतली हवा पसरते आणि पाकीट ताणलं जातं.

पसरणं फुकट होत नाही. पसरणारी हवा भोवतालच्या हवेला बाजूला सारते, आणि सारायला ऊर्जा लागते. गाडीतल्या पाकिटाला ही ऊर्जा आजूबाजूने मिळत राहते, कारण ते छोटं आहे आणि घाट चढायला वेळ लागतो. म्हणून ते गार पडत नाही. पण उन्हाने तापलेल्या माळावरून उठणारा हवेचा लोट शेकडो मीटर रुंद असतो. त्याच्या पोटातल्या हवेला बाहेरून उष्णता मिळण्याची सोय नसते. हवा उष्णतेची वाहकही वाईट आहे. मग पसरण्याचा सगळा खर्च तिला स्वतःजवळच्या उष्णतेतून भागवावा लागतो, आणि तिचं तापमान उतरतं. कुणी तिची उष्णता काढून घेतलेली नसते. ती पसरते, म्हणून गार होते.

किती गार होते, हे फार सुबक रीतीने मोजता येतं. ऊर्जेचा पूर्ण हिशेब मांडला, तर एक किलो हवा एक मीटर वर गेली की तिच्या उष्णतेच्या खात्यातून 9.8 जूल वजा होतात. हा 9.8चा आकडा शाळेत गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात भेटलेलाच. एक किलो कोरड्या हवेचं तापमान एका अंशाने बदलायला सुमारे 1005 जूल लागतात. भागाकार केला की दर मीटरला अंशाचा जवळपास शंभरावा भाग, म्हणजे दर किलोमीटरला 9.8 अंश. हवामानशास्त्रात उंचीनुसार तापमान घटण्याच्या दराला लॅप्स रेट म्हणतात, आणि हा झाला कोरड्या हवेचा लॅप्स रेट. तो ऋतूवर किंवा गावावर अवलंबून नाही. गुरुत्वाकर्षण आणि हवेचा गुणधर्म, एवढ्या दोनच गोष्टींतून तो निघतो.

हीच हवा खाली आली की हिशेब उलट फिरतो. वाढत्या दाबाखाली ती आवळली जाते आणि तितक्याच दराने तापते. एप्रिलच्या दुपारी दख्खनवर नेमकं हेच चालू असतं. तापलेली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला वरची खाली येते, आणि जमिनीपासून दोन-तीन किलोमीटरपर्यंतचा सगळा थर घुसळून निघतो. आता पुन्हा ते दोन आकडे पाहा. महाबळेश्वरची 30 अंशांची हवा आठशे मीटर खाली पुण्यापर्यंत आणली, तर ती आठ अंशांनी तापेल आणि 38 अंशांची होईल. दुपारच्या पुण्याची हवा तेवढीच असते. म्हणजे दोन गावांत दोन वेगळ्या हवा नाहीत. एकाच घुसळलेल्या हवेला आपण दोन वेगवेगळ्या दाबांखाली भेटतो. मला या सगळ्या विषयातली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

मग डोंगरावरची जमीन तापते, तिचं काय? ती हवेला तापवतेच, पण डोंगरमाथा विस्ताराने लहान असतो आणि त्यावरून वारा सतत वाहतो. तापलेली हवा पुढे निघून जाते आणि तिच्या जागी मोकळ्या आकाशातली, त्या उंचीची हवा येते. अख्खं पठारच उंच असेल तर मात्र गोष्ट बदलते. तिथे जमीन मैलोन्‌मैल तापत असते आणि वाऱ्याबरोबर येणारी हवाही शेजारच्या तापल्या जमिनीवरचीच असते. म्हणूनच नुसत्या उंचीवर भिस्त ठेवून पुण्याची तुलना मुंबईशी केली तर फसगत होते. एप्रिलच्या दुपारी साडेपाचशे मीटर उंचीवरचं पुणं समुद्रकाठच्या मुंबईपेक्षा जास्त तापतं. मुंबईवर समुद्रावरून आलेली हवा असते, पुण्यावर पठाराने भाजलेली.

शाळेच्या भूगोलात दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश असं शिकवलेलं असतं, मग 9.8 कुठून आले? साडेसहा ही सगळ्या जगाची, सगळ्या ऋतूंची आणि रात्रंदिवसाची सरासरी आहे. 9.8 हा कोरड्या हवेचा, ढग नसतानाचा दर आहे. या दोहोंमधली तफावत मुख्यतः पाण्यामुळे पडते, आणि ती पाहायला जुलैत कोकणच्या बाजूने यायला हवं.

समजा, पोलादपूरच्या खोऱ्यात पावसाळी वारा 28 अंशांचा आहे, आणि 25 अंशांपर्यंत गार झाला की त्यातली वाफ पाणी होऊ लागेल इतका तो दमट आहे. सह्याद्रीला धडकून तो वर चढू लागतो. पहिले पावणेचारशे मीटर कोरड्या दरानेच गारवा येतो आणि तापमान सव्वाचोवीसच्या जवळ पोचतं. हवा पसरत असल्यामुळे वाफ जमण्याचं तापमानही तोवर किंचित उतरलेलं असतं. इथे दोन्ही जुळतात आणि ढगाचा तळ लागतो. आंबेनळी घाटात ज्या वळणानंतर गाडीचे दिवे लावावे लागतात, ती ही पातळी. पाणी होताना वाफ आपल्यातली दडलेली उष्णता सोडते, आणि पसरण्याच्या खर्चाचा बराच भाग त्यातून भागतो. इतक्या उबदार, दमट हवेत मग दर किलोमीटरला चारच अंश उतरतात. उरलेला हजार मीटरचा चढ संपवून हवा महाबळेश्वरला पोचते तेव्हा ती साधारण वीस अंशांची असते. जुलैतलं महाबळेश्वर दिवसरात्र याच आकड्याच्या आसपास असतं.

वाटेत पुष्कळसं पाणी पाऊस होऊन गळून गेलेलं असतं. हीच हवा पलीकडे वाईकडे उतरू लागली की ढग विरतात आणि ती पुन्हा कोरड्या दराने तापते. साडेसहाशे मीटर उतरून वाईला ती सव्वीस अंशांच्या पुढे जाईल. कोकणच्या अंगाला, वाईएवढ्याच उंचीवर ती तेवीसच्याही खाली होती. प्रत्यक्षात हा फरक थोडा कमी भरतो, कारण ढगातलं उरलेलं पाणी विरताना काही उष्णता परत घेतं. पण चढताना चार अंशांनी गार होणारी हवा उतरताना जवळजवळ दहा अंशांनी तापते, ही तफावत खरी आहे. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि डोंगराच्या सावलीतल्या वाईला त्याचा छोटासा अंश, यामागेही हीच चढ-उतार आहे.

आणि मग जानेवारीची रात्र येते, जेव्हा हा सगळा नियम पालथा होतो. ‘महाबळेश्वरपेक्षा पुणे थंड’ असे मथळे दर हिवाळ्यात छापून येतात. त्यात अतिशयोक्ती नाही. जानेवारीत पुण्याचं सरासरी किमान तापमान 11-12 अंश असतं आणि महाबळेश्वरचं त्याहून दोनेक अंश जास्त.

9.8चा दर हवा वर-खाली होते तेव्हाचा. निरभ्र, निवांत रात्री हवा हलतच नाही. जमीन आपली उष्णता आकाशात सोडून गार पडते, तिला टेकलेली हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळे तिथेच बसून राहते. डोंगरमाथ्यावर मात्र गार झालेली हवा उतारावरून घरंगळून खोऱ्यात जाते आणि तिच्या जागी बाजूची, जमिनीला न शिवलेली उबदार हवा येते. खोऱ्यात खाली गार, वर उबदार असे थर लागतात. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. ती ओळखायला उपकरण लागत नाही. चुलीचा किंवा शेकोटीचा धूर थोडा वर जाऊन एका पातळीत आडवा पसरला, तर ती पातळी उबदार थराची. महाबळेश्वरातच याचा पुरावा आहे. थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलावाच्या खोलगट भागातून, तेव्हा वरच्या बाजारपेठेत पारा गोठणबिंदूच्या बराच वर असतो.

हे सगळं स्वतः मोजून पाहायचं असेल, तर गाडीच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. तो डांबराच्या आणि इंजिनाच्या उष्णतेने फुगलेला असतो. साधा तापमापक घेऊन वाईला, पाचगणीला आणि महाबळेश्वरला सावलीत, वारा लागेल अशा जागी, जमिनीपासून छातीच्या उंचीवर पाच-दहा मिनिटं टांगावा. तिन्ही ठिकाणच्या नोंदी शक्यतो दीड-दोन तासांत, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घ्याव्यात, कारण वेळ बदलली की तापमान उंचीमुळे बदललं की घड्याळामुळे हे कळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये उत्तर नऊच्या जवळ आलं, तर हवा नीट घुसळली गेली आहे. सहाच्या खाली आलं, तर आकाशात ढग किंवा हवेत दमटपणा आहे का ते पाहावं, आणि तापमापकावर ऊन तर पडलं नव्हतं ना, हेही.