सॉकेट एकच, तरी डिस्प्ले का येत नाही?

अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावात कॉम्प्युटरला भरपूर आयुष्य मिळतं. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारी डीटीपीची दुकानं, फोटो स्टुडिओ, दाखले काढून देणारी सेवा केंद्रं, सगळीकडे २०१६-१७ च्या सुमारास असेंबल करून घेतलेली मशिनं अजून रोज दहा तास चालतात. आता मात्र त्यांच्या मालकांपुढे एक अडचण उभी राहिली आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा लागतो. मग विचार सुरू होतो: बाकी मशीन ठीक आहे, नुसता प्रोसेसर बदलला तर? अमरावतीत किंवा नागपुरात सेकंडहँड मिळतो, सॉकेटचा नंबरही तोच आहे. ‘सॉकेट तं एकच हाय ना, मंग काहून नाई चालणार?’ हा प्रश्न रास्त आहे. इंटेलनेच तो निर्माण करून ठेवला आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं.

गैरसमज: प्रोसेसर सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालणार

समजा एका डीटीपीच्या दुकानात H110 चिपसेटचा बोर्ड आहे, त्यावर पेंटियम G4400 आणि ८ जीबी डीडीआर४ रॅम आहे. मालकाच्या मनात i5-8400 आहे. पेंटियममध्ये दोन कोर, या i5 मध्ये सहा. दोघांच्याही माहितीत सॉकेट LGA1151 असंच लिहिलेलं असतं. दोघांच्या पोटावर ११५१ संपर्कबिंदू आहेत, दोघांच्या कडेच्या खाचा सारख्याच जागी आहेत. i5-8400 त्या H110 बोर्डात अलगद बसतो, वरची पट्टी नीट लागते, कूलरही तोच बसतो. बटण दाबल्यावर पंखा फिरतो आणि डिस्प्ले येत नाही. काही बोर्ड थोडा वेळ चालून बंद होतात, पुन्हा आपोआप सुरू होतात, आणि हेच चालू राहतं. जुना पेंटियम परत बसवला की मशीन काही झालंच नसल्यासारखं सुरू होतं. ही खूण लक्षात ठेवावी. जुना प्रोसेसर चालतो आणि नवा चालत नाही, तर नवा खराबच आहे असं धरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. आधी जुळणी तपासावी.

यामागचं कारण असं. इंटेलची सहावी जनरेशन ऑगस्ट २०१५ मध्ये आली आणि सातवी जानेवारी २०१७ मध्ये. दोन्ही LGA1151 वर, १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर चालतात: H110, B150, B250, Z170, Z270 वगैरे. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी जनरेशन आली तेव्हा इंटेलने सॉकेटचा आकार तोच ठेवला, पण आतल्या पिनांची कामं बदलली. कोर वाढले, तशी वीज पोचवणाऱ्या पिनांची संख्या वाढवावी लागली. पूर्वी राखीव म्हणून मोकळ्या सोडलेल्या काही पिना त्या कामाला लावल्या गेल्या. H110 बोर्डाची वायरिंग मात्र जुन्या वाटपाप्रमाणे झालेली असते. शिवाय त्याच्या बायोसमध्ये आठव्या जनरेशनला ओळखून सुरू करणारा भागच नसतो. आठव्या आणि नवव्या जनरेशनसाठी ३०० मालिकेचा चिपसेट लागतो: H310, B360, B365, H370, Z370, Z390. उलट दिशेनेही तेच आहे. H310 बोर्ड घेतला आणि जुना सहाव्या जनरेशनचा प्रोसेसर त्यावर बसवला, तर तोही चालणार नाही.

काही हौशी मंडळींनी बायोसमध्ये फेरफार करून आणि प्रोसेसरचे काही संपर्कबिंदू चिकटपट्टीने झाकून जुन्या बोर्डावर आठवी जनरेशन चालवून दाखवली आहे, हे खरं आहे. त्यांचे व्हिडिओ बघून बरेच जण मोहात पडतात. पण ज्या मशीनवर उद्याच्या लग्नाच्या पत्रिका अडकल्या आहेत, त्यावर हा प्रयोग अजिबात करू नये. बायोस बिघडला तर बोर्ड गेला, आणि सॉकेटमधल्या केसासारख्या पिना एकदा वाकल्या की सरळ करणं फार अवघड.

गैरसमज: ‘i5 चालतो’ एवढं विचारलं की पुरे

i3, i5, i7 ही फक्त दर्जाची नावं आहेत. जुळणी ठरते ती त्यापुढच्या आकड्यावरून. i5-6500 सहाव्या जनरेशनचा, i5-7500 सातव्या, i5-8400 आठव्या, i5-10400 दहाव्या जनरेशनचा. त्यामुळे फोनवर नुसतं ‘i5 आहे का’ असं विचारून गाडीत बसू नका, पूर्ण नंबर विचारा.

आपल्या बोर्डाचा नंबर शोधायला मशीन उघडावंच लागतं असं नाही. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून या तीन ओळी टाकल्या की मुख्य माहिती पडद्यावर येते:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select Manufacturer, Product, Version
Get-CimInstance Win32_BIOS | Select SMBIOSBIOSVersion, ReleaseDate
Get-CimInstance Win32_Processor | Select Name
```

पहिल्या ओळीतून बोर्डाची कंपनी आणि मॉडेल कळतं, दुसरीतून बायोसची आवृत्ती, तिसरीतून आत्ता बसवलेला प्रोसेसर. काही बोर्ड Version च्या जागी नुसतं x.x दाखवतात. तेव्हा कॅबिनेटची बाजू उघडून बोर्डावर छापलेलं REV वाचावं लागतं. हा आकडा किरकोळ वाटतो, पण एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांची यादी वेगळी असू शकते.

मग बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलचं पान उघडून CPU Support ची यादी बघायची. आपल्याला हवा तो प्रोसेसर त्यात पूर्ण नंबरासकट दिसला पाहिजे, आणि त्याच ओळीत तो कोणत्या बायोसपासून चालतो तेही दिलेलं असतं. यादीत नसेल, तर विकणाऱ्याने कितीही खात्री दिली तरी घेऊ नये. बाजारात बिननावाचे किंवा अगदी स्वस्त बोर्डही भरपूर आहेत आणि त्यांच्यासाठी अशी यादी बहुधा सापडतच नाही. तिथे एकच उपाय उरतो: कॅबिनेट सोबत न्यायचं, प्रोसेसर दुकानातच बसवून डिस्प्ले पाहायचा, मगच पैसे द्यायचे.

गैरसमज: चिपसेट जुळला की काम झालं

आपल्या उदाहरणातल्या दुकानदाराने आठव्या जनरेशनचा नाद सोडला आणि i7-7700 घ्यायचं ठरवलं, असं धरू. चार कोर, आठ थ्रेड, ६५ वॉट. H110 वर सातवी जनरेशन चालते, तेव्हा चिपसेट जुळला. पण हा बोर्ड २०१६ मध्ये विकला गेला असेल, तर त्याचा बायोस सातवी जनरेशन येण्याआधीचा असण्याची दाट शक्यता आहे. अशा बोर्डावर i7-7700 थेट बसवला, तर पुन्हा तेच: पंखा फिरतो, डिस्प्ले नाही.

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. जुना पेंटियम बसलेला असतानाच यादीतला बायोस कंपनीच्या पानावरून उतरवायचा, पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि बायोसमधल्या अपडेटच्या सोयीने चढवायचा. मशीन पुन्हा सुरू करून नवी आवृत्ती दिसते का ते पाहायचं, आणि मगच प्रोसेसर काढायचा. घाईत आधी पेंटियम विकून टाकला, तर बायोस चढवायला प्रोसेसरच उरत नाही. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून हे काम चांगल्या बॅटरीच्या यूपीएसवरच करावं. बायोस लिहिला जात असताना वीज गेली, तर बऱ्याच साध्या बोर्डांना स्वतःहून सावरता येत नाही.

इंटेलच्या पुढच्या पिढीतही हीच गफलत होते. LGA1200 सॉकेट दहाव्या आणि अकराव्या, दोन्ही जनरेशनला आहे. पण मूळ H410 बोर्ड अकरावी घेत नाही. i5-11400 साठी H510 सारखा बोर्ड लागतो. त्यातही एका कंपनीने H410 नावाच्याच काही बोर्डांची V2 आवृत्ती काढली आणि ती अकरावी जनरेशन घेते. म्हणूनच वर म्हटलं, यादी बघताना मॉडेलचं शेवटचं अक्षरही सोडू नका.

गैरसमज: एएमडीमध्ये काही बघावं लागत नाही

एएमडीने AM4 सॉकेट कित्येक वर्षं टिकवला, हे ग्राहकांच्या फायद्याचंच झालं. २०१७ च्या A320 बोर्डावर २०२२ मध्ये आलेला रायझन 5 5600 चालू शकतो, कारण एएमडीने २०२२ मध्ये त्या जुन्या चिपसेटनाही परवानगी दिली. पण ‘चालू शकतो’ याचा अर्थ तुमच्या बोर्डाच्या कंपनीने तसा बायोस काढला असेल आणि तो तुम्ही आधी चढवला असेल तर. उलट २०२० चा B550 बोर्ड नवा असूनही २०१८ चा रायझन 5 2600 किंवा २०१९ चा 3200G अधिकृतपणे घेत नाही. नवा बोर्ड सगळे जुने प्रोसेसर घेईलच, हे इथेही गृहीत धरता येत नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर न बसवताच पेन ड्राइव्हवरून बायोस चढवण्याचं बटण असतं. सेकंडहँड बोर्ड आणि नवा प्रोसेसर वेगवेगळ्या ठिकाणांहून घेत असाल, तर अशा बटणासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत असं माझं मत आहे.

मग त्या H110 चं करायचं काय?

विंडोज ११ हवंच असेल, तर H110 वर आणखी पैसा घालण्यात अर्थ नाही. त्यावर चालणारा कोणताही सहाव्या-सातव्या जनरेशनचा डेस्कटॉप प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. i7-7700 घेतला तर फोटोशॉप वेगाने उघडेल, पण विंडोजचा प्रश्न जिथल्या तिथे राहील. अशा वेळी H310 किंवा B365 बोर्ड आणि i5-8400 अशी जोडीच घ्यावी. जुनी रॅम डीडीआर४ असेल तर बहुधा नव्या बोर्डावर जाते, फक्त काही H110 बोर्डांवर डीडीआर३ असते, ते आधी पाहून घ्यावं. कूलरची भोकं LGA1151 आणि LGA1200 दोघांवर सारखीच आहेत, तेव्हा तोही बसतो. LGA1700 वर मात्र भोकांचं अंतर बदललं आहे. कॅबिनेट, एसएसडी आणि सुस्थितीतला पॉवर सप्लाय तसेच वापरता येतात.

नेहमीचं काम जुन्या सॉफ्टवेअरवर चालत असेल आणि मशीन इंटरनेटला जोडलेलंच नसेल, तर मात्र यादीत पाहून i5-7500 किंवा i7-7700 टाकणं हा स्वस्त आणि समजूतदार पर्याय आहे. एवढंच की बायोस आधी, प्रोसेसर नंतर, आणि नव्या प्रोसेसरवर मशीन दोन-चार दिवस नीट चालेपर्यंत जुना पेंटियम विकायचा नाही.