खिडकीच्या ट्रॅकमधला गाळ

जोरदार पावसात सरकत्या खिडकीखालून घरात पाणी आलं, की पहिला संशय जातो काचेच्या रबरावर, नाहीतर खिडकी बसवणाऱ्यावर. पुष्कळदा कारण असतं ट्रॅकमध्ये घट्ट बसलेला गाळ. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीत थोडं पाणी ट्रॅकमध्ये येणार हे गृहीतच असतं. ते निघून जावं म्हणून ट्रॅकला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं किंवा चिरा ठेवतात. त्या बुजल्या, की ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या कट्ट्यावर उतरतं.

म्हणून हे काम मे महिन्यातच, ट्रॅक कोरडा असताना उरकावं. घाईने पाणी ओतलं तर धूळ, वाळू, केस यांचा चिखल होतो आणि तो नेमका त्या भोकांत जाऊन बसतो. शेजारी बांधकाम चालू असेल तर धुळीत सिमेंटही असतं. ते भिजून वाळलं की खरवडतानाच घाम निघतो. आधी रंगाच्या जुन्या ब्रशने कोपऱ्यांतली माती मधोमध ओढावी आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या निमुळत्या तोंडाने खेचून घ्यावी. घट्ट थर आइस्क्रीमच्या काडीने सुटतो. स्क्रूड्रायव्हरने ट्रॅकवरचा थर खरवडला जातो, तो नकोच. कबुतरांची विष्ठा असेल तर मात्र कोरडी झाडू नये, तिची धूळ छातीला घातक. तोंडाला मास्क बांधून, आधी ती भिजवून पुसून काढावी.

मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासावं आणि फडक्याने टिपून घ्यावं. फरशीचं अ‍ॅसिड वापरू नये, धुण्याचा सोडाही नाही. अ‍ॅल्युमिनियमवर दोन्हींचे डाग पडतात.

ट्रॅक लख्ख होऊनही झडप जड सरकत असेल, तर तिच्या खालच्या चाकांना केस गुंडाळलेले असणार. झडप वर उचलून, खालची बाजू आत ओढून काढता येते. पण मोठी काच एकट्याने काढू नये. वरच्या मजल्यावर तर कारागीरच बोलवावा. चाकांना खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घातलं की चार दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ चिकटते. त्यापेक्षा सिलिकॉनचा स्प्रे बरा, तोही अगदी थोडा.

शेवटी ट्रॅकमध्ये कपभर पाणी ओतून बघावं. खाली कोणी उभं नाही ना, तेवढं आधी पाहून घ्यावं. पाणी लगेच बाहेर पडू लागलं तर काम झालं. तुंबलं तर भोकात बारीक तार हलकेच फिरवावी. तरीही हललं नाही, तर बाहेरून बघावं: इमारतीला रंग देताना भोकं पुट्टीने किंवा सिलिकॉनने लिंपून टाकलेली सापडतात. काही खिडक्यांना ती पाडलेलीच नसतात. मग घासणं थांबवून अ‍ॅल्युमिनियमवाल्याला बोलवावं.