नावाची पट्टी आणि तुटलेली शिरोरेखा

समजा, गुंजीतल्या एका काजूवाल्याने दुकानाची मिनिटभराची जाहिरात केली. मालक बोलू लागले की पडद्याच्या खालच्या भागात त्यांचे नाव आणि दुकानाचे नाव यायला हवे. या पट्टीला 'लोअर थर्ड' म्हणतात. गिऱ्हाईक खानापूर-बेळगावचे, म्हणून मजकूर मराठीत आणि कन्नडमध्येही हवा.

इथेच गल्लत होते. मराठीला एक फॉन्ट, कन्नडला भलताच, आणि पट्टी दोन दुकानांची वाटते. त्यासाठी एकाच कुटुंबातले फॉन्ट घ्यावेत. मुंबईच्या 'एक टाइप'चे Anek Devanagari आणि Anek Kannada एकाच घडणीचे आहेत, शिवाय मोफत मिळतात. नाव ठळक, खालची ओळ साध्या वजनात. एवढी दोनच वजने व्हिडिओभर ठेवावीत.

1920×1080 च्या आडव्या चौकटीत डावीकडे साधारण 96 आणि खाली 54 पिक्सेल मोकळे सोडावेत. नाव 56 पिक्सेलचे असेल, तर खालची ओळ 36 ची पुरते. मागे गडद, किंचित पारदर्शक पट्टी दिली की काजूच्या पांढऱ्या ढिगावरही अक्षरे उठून दिसतात.

इंग्रजी शीर्षकांसाठी बनवलेल्या तयार साच्यात अक्षरांमधले अंतर बहुधा वाढवलेले असते. देवनागरीत त्यामुळे शिरोरेखा तुटते. 'काजू'चे 'का' आणि 'जू' सुटे पडतात. ते अंतर शून्य करावे. अक्षरे एकेक करून उमटवणारे अॅनिमेशनही टाळावे, कारण त्यात जोडाक्षरे फुटतात. पूर्ण ओळ एकदम यावी आणि सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ थांबावी.