पंधरवड्याचा डॉलर: सीमाशुल्काच्या विनिमयदराचा मागोवा

आयात मालाचे बिल डॉलरमध्ये असते आणि शुल्क रुपयांत भरायचे असते. मधला दर कोणता, याचे उत्तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे: बिल ऑफ एंट्री सादर केल्या दिवशी लागू असलेला, सीमाशुल्क मंडळाने ठरवलेला दर. आयातदाराने बँकेला प्रत्यक्षात दिलेला दर इथे विचारात घेतला जात नाही. रुपयाचे मोल सरकारच ठरवत होते, तोवर याने फारसे बिघडत नव्हते. १९९३ मध्ये दर बाजारावर सोडला गेला आणि सरकारी दर किती काळ शिळा राहू द्यायचा, हा प्रश्न उभा राहिला. आधी तो महिन्यातून एकदा जाहीर होई, पुढे महिन्यातून दोनदा होऊ लागला. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर एकसष्टच्या आसपासून अडुसष्टच्या पुढे गेला. महिनाभर एकच दर ठेवणे किती महाग पडले असते, हे त्या महिन्याने दाखवले. जुलै २०२४ पासून अधिसूचनेची जागा संगणकीय पद्धतीने घेतली. पहिल्या व तिसऱ्या गुरुवारी स्टेट बँकेकडून २२ चलनांचे दर येतात, जवळच्या पाच पैशांपर्यंत जुळवले जातात, संध्याकाळी आइसगेटवर दिसतात आणि मध्यरात्रीपासून लागू होतात.

मग रोजचाच बाजारभाव का नको? एक लाख डॉलरचा माल घेऊ. दर ८३ ऐवजी ८५ झाला, तर मूल्य दोन लाखांनी वाढते. मूळ शुल्क १० टक्के धरले तर ते वीस हजारांनी वाढते आणि त्यावरचा समाजकल्याण अधिभार दोन हजारांनी. १८ टक्के आयजीएसटी सुमारे चाळीस हजारांनी वाढतो, पण नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याची वजावट मिळते. म्हणजे खरा भार बावीस हजारांचा. तेवढ्यासाठी शुल्काचा आकडा रोज हलता ठेवला, तर आयातदाराला माल विकण्याचा भाव आधी सांगता येणार नाही आणि एकाच मालाचे दोन दिवसांतले हिशेब जुळणार नाहीत. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन कराराचे नववे कलमही दोनच गोष्टी मागते: दर प्रसिद्ध केलेला असावा आणि त्या काळातले चलनाचे व्यवहारातले मोल त्यात शक्य तितके उतरलेले असावे. तो रोज बदलावा, अशी अट त्यात नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे. जहाज येण्याआधी तीस दिवसांपर्यंत बिल सादर करता येते. शुल्काचा टक्का मालाच्या आगमनाच्या तारखेला बांधलेला राहतो, विनिमयदर मात्र बिलाच्या तारखेचा लागतो. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी नवा दर पाहून त्याच रात्री जुन्या दराने बिल सादर करण्याची सोय उरते. ही फट आहेच, पण तीस दिवसांत येणाऱ्या मालापुरतीच. शिवाय रुपया वधारला, तर आदल्या आठवड्यात घाई केलेल्यालाच जास्त भरावे लागते. फट बुजवायची तर दर जाहीर होताच लागू करता येईल; त्यासाठी पंधरवड्याची चौकट मोडण्याची गरज नाही.