विलंबित अनुदान व मासिक रोख प्रवाह अंदाजपत्रक

मासिक रोख प्रवाह अंदाजपत्रकात अनुदानाचा हप्ता मंजुरीच्या नव्हे, तर बँकेत प्रत्यक्ष जमा होण्याच्या संभाव्य महिन्यात दाखवावा लागतो. त्यासाठी मागील तीन वर्षांची मंजुरीपत्रे व बँक पासबुक ताडून सर्वाधिक विलंब गृहीत धरावा. समजा, एका वसतिगृहाची १ एप्रिलची शिल्लक ३ लाख रुपये, मासिक खर्च १ लाख आणि एप्रिलमध्ये देय हप्ता ६ लाखांचा आहे. हप्ता एप्रिलमध्येच दाखविल्यास मार्गातील तूट दिसत नाही. तो सप्टेंबरच्या प्रारंभी धरल्यास जूनअखेर शिल्लक शून्य होते व ऑगस्टअखेर २ लाखांची तूट पडते. तेवढ्या रकमेची तरतूद एप्रिलपूर्वीच करावी. अन्य प्रकल्पाच्या अनुदानातून ती भागवू नये, कारण त्याचा हिशेब स्वतंत्रपणे द्यावा लागतो.